‘आकर्षक बक्षिसे’ म्हणजे नेमकं काय?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, छपाईची कामं अंगावर आलेली असताना, आमच्या बाजारपेठेतले खेळण्यांच्या दुकानाचे काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले. मी गेली बरीच वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रवेशाची पत्रकं, दुकानांच्या उद्घाटनांची निमंत्रणं असं सगळं माझ्या हातून जातं. काकांच्या कागदावर बॉलपेनने लिहिलं होतं :

‘बालदिनानिमित्त भव्य फोटो स्पर्धा! १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आपल्या मुलाचा सुंदर फोटो पाठवा आणि जिंका एकूण २५,००० रुपयांची आकर्षक बक्षिसे. ५०० रुपयांच्या खरेदीवर प्रवेश. सर्वाधिक लाइक्स मिळवणारा फोटो विजेता. सर्व फोटोंचे हक्क आमच्याकडे राहतील. अटी लागू.’

‘‘ताई, एवढं रंगीत करून द्या. फुगे-बिगे घाला,’’ काका म्हणाले.

फुगे घालायला पाच मिनिटं लागली असती. पण आदल्या वर्षी अशाच एका दुसऱ्या दुकानाच्या स्पर्धेनंतर घडलेला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला होता. काउंटरवर एक वडील उभे होते, त्यांचा हात धरून सात-आठ वर्षांची मुलगी. तिच्या हातात ‘१,००० रुपयांचे गिफ्ट व्हाउचर’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं कार्ड होतं. तिने एक किचन सेट उचलून आणला होता. दुकानातल्या मुलाने कार्ड उलटं केलं आणि मागची बारीक ओळ वाचून दाखवली : दर १,००० रुपयांच्या खरेदीवर २०० रुपये सूट. म्हणजे ते बक्षीस पुरतं मिळवायचं तर वडिलांनी पाच हजारांची खरेदी करायला हवी होती. मुलीने काही न बोलता तो सेट परत फळीवर नेऊन ठेवला. तिने तो ठेवला तो अगदी नीट, आधी होता तसा, आणि मला ते बघवलं नाही.

तेव्हा काकांना मी बसवून घेतलं, चहा सांगितला आणि त्यांच्या कागदाची एकेक ओळ आम्ही उलगडायला घेतली. खेळण्यांच्या दुकानाने बालदिनाची स्पर्धा ठेवायची तर जाहिरातीत काय लिहावं लागतं, आणि का, ते त्या दोन तासांतून जसं पुढे आलं तसं सांगते.

पहिला प्रश्न मी विचारला तो अगदी साधा होता. ही मुलांच्या फोटोंची स्पर्धा आहे की मुलांनी काढलेल्या फोटोंची? काका चमकले. ‘बालदिन फोटो स्पर्धा, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी’ या ओळीतून दोन्ही अर्थ निघतात. दहा वर्षांचा मुलगा आईच्या मोबाइलवर मांजराचा सुंदर फोटो काढून पाठवेल आणि त्याला कुणी नाही म्हणू शकणार नाही. शिवाय बक्षीस कुणाचं, फोटो काढणाऱ्याचं की फोटोतल्या मुलाचं? काका म्हणाले, फोटोतल्या मुलाचं, अर्थात. पण फोटोत दोन भावंडं असली तर? बक्षीस एक, हात चार. म्हणून विषयाची ओळ बदलली : ‘खेळात रमलेलं मूल. फोटो मोठ्यांनी काढायचा, फोटोत एकच मूल हवं, बक्षीस त्या मुलाचं.’ एकच मूल ही अट सुरुवातीला काकांना जाचक वाटली. तिचा आणखी एक उपयोग पुढे निघाला. फोटोत शेजारचं मूलही असेल, तर त्याच्या आईवडिलांचीही परवानगी लागते, आणि ती कुणी घेत नाही.

‘१२ वर्षांपर्यंत’ म्हणजे काय, यावर तर दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतो. बाराव्या वर्षात असलेलं मूल चालेल की बारा पूर्ण झालेलंही? यावर इलाज एकच, वय न लिहिता जन्मतारीख लिहायची. काकांना बारा पूर्ण न झालेली मुलं हवी होती आणि स्पर्धेचा दिवस होता १४ नोव्हेंबर २०२५. तेव्हा मजकूर झाला : ‘१५ नोव्हेंबर २०१३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं.’ वाचायला रुक्ष आहे, पण त्यात वादाला जागा नाही.

तारखांचंही असंच. बालदिन म्हणजे नेहरूंचा जन्मदिवस, तो हलत नाही, पण दिवाळी हलते. २०२० साली लक्ष्मीपूजन नेमकं १४ नोव्हेंबरला होतं आणि २०२३ साली त्या दिवशी पाडवा होता. अशा वर्षी निकाल ऐकायला दुकानात कोण येणार? २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरलाच उरकत होती, त्यामुळे आम्हाला तीन आठवडे मोकळे मिळाले. जाहिरात भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लावायची, प्रवेशिका रविवारी ९ नोव्हेंबरला रात्री ९ वाजता बंद, निकाल शुक्रवारी १४ तारखेला संध्याकाळी ६ वाजता. रात्री ‘९ वाजेपर्यंत’ असं घड्याळासकट लिहिलं, कारण नुसती ९ तारीख लिहिली की साडेअकराला आलेल्या फोटोचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

मग आली लाइक्सची ओळ. काकांचा हिशोब असा की प्रत्येक आईवडील दुकानाचं पान पन्नास जणांना पाठवतील आणि जाहिरात फुकट होईल. ते खरंच आहे. पण अशा स्पर्धेत जिंकतं ते ज्याच्या घरात माणसं जास्त, ऑफिसचे ग्रुप मोठे, त्याचं मूल. आणि लाइक्स पैसे देऊन मिळतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या रात्री एखाद्या फोटोवर दोन तासांत चारशे लाइक्स पडले आणि त्यातली अर्धी नावं ओळखीच्या कुठल्याच भाषेतली नसली, की समजून जायचं. तक्रार आली तर दुकानदाराकडे ते तपासायचं साधन नसतं. शिवाय ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि तीन मित्रांना टॅग करा’ ही प्रवेशाची अट खुद्द फेसबुकच्या नियमांत बसत नाही. वैयक्तिक टाइमलाइन आणि मैत्रीची यादी स्पर्धा चालवायला वापरू नये, असं ते स्पष्ट सांगतात.

मी परीक्षक सुचवले. एक फोटोग्राफर, एक बालवाडीच्या बाई आणि तिसरा शेजारच्या गावातला, ज्याचा इथे गोतावळा नाही असा. फोटो मागे फक्त क्रमांक लिहून छापून त्यांच्यासमोर ठेवायचे, नाव कुठेच नाही. शंभरातले पन्नास गुण त्या क्षणाला, म्हणजे मूल खरंच खेळात हरवलंय की ‘इकडे बघ, हस’ म्हटल्यावर हसलंय याला. तीस गुण उजेडाला आणि मांडणीला, वीस विषयाला. हे गुण जाहिरातीतच छापायचे. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ ही ओळ सगळेच टाकतात, पण निर्णय कशावर होणार ते आधी सांगितलेलं असेल तरच ती ओळ लोक मानतात.

खरा वेळ गेला तो बक्षिसांवर. ‘एकूण २५,००० रुपयांची बक्षिसे’ हा आकडा कसा आला, ते काकांनी मला मोकळेपणाने सांगितलं. पाच हजारांची खेळणी आणि प्रत्येक भाग घेणाऱ्याला २०० रुपये सुटीचं कूपन. शंभर जण धरले, की झाले वीस हजार. आता कूपन वाईट नाही, पण ते बक्षीस नाही, ती सूट आहे. गिऱ्हाइकाने पैसे मोजल्याशिवाय तिचा उपयोग नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते सांगताना यावर बोट ठेवतो : जाहीर केलेलं बक्षीस तसं द्यायचा इरादाच नसणं, किंवा ज्याची किंमत गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते ते फुकट मिळतंय असा समज करून देणं. विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडतींकडेही हा कायदा बारकाईने बघतो. म्हणून ५०० रुपयांच्या खरेदीची अट ठेवणं धोक्याचं. त्यातून गिऱ्हाईक जर लहान मूल असेल, तर गोष्ट आणखी नाजूक होते. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जी केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत मुलांसाठीच्या जाहिरातींचा वेगळा भाग आहे. भाग घ्यायला खरेदी सक्तीची करून मुलांना थेट ‘विकत घ्या’ म्हणणारी योजना त्यात बसत नाही.

काका थोडे हिरमुसले. खरेदी नाही तर दुकानाला काय मिळणार? पण फोटो बघायला, निकालाला, बक्षीस न्यायला माणसं दुकानातच येणार होती. खेळण्यांच्या दुकानात मूल आलं की पुढचं ते मूलच बघतं, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी पेन घेऊन ती ओळ स्वतःच खोडली.

मग आम्ही पहिलं बक्षीस लिहिलं : ‘३,००० रुपयांची खेळणी.’ सरळ वाटतं, पण यातही एक फट आहे. काकांच्या दुकानात बहुतेक खेळणी छापील किमतीवर पंधरा टक्के सुटीने मिळतात. विजेत्याला तीन हजार छापील किमतीने मोजून दिले, तर तीच खेळणी कुठल्याही गिऱ्हाइकाला २,५५० रुपयांत मिळाली असती. साडेचारशे रुपये कुठे गेले? विजेत्याचे वडील हा हिशोब बरोबर करतात, आणि तो त्यांनी काउंटरवर करण्यापेक्षा आपण कागदावर केलेला बरा. म्हणून ओळ वाढवली : ‘दुकानात त्या दिवशी ज्या किमतीला खेळणं विकलं जातं, त्या किमतीने मोजून.’ मुलाला ३,४५० रुपयांची सायकलच हवी असेल, तर वरचे ४५० भरून घेता येईल. कमी किमतीचं घेतलं तर उरलेल्या रकमेची आणखी खेळणी, रोख नाही. मुदत ३१ डिसेंबरपर्यंत. ही चार वाक्यं जाहिरातीत असली की काउंटरवरच्या माणसाला काही ठरवावं लागत नाही.

काकांच्या मनात आधी ठराविक खेळणी होती, पहिल्याला रिमोटची कार वगैरे. तसं न करण्याचं कारण वयात आहे. स्पर्धा एक वर्षाच्या बाळापासून बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना खुली. पहिला नंबर दीड वर्षाच्या मुलीचा आला तर तिला कार काय कामाची? उलट तिच्यातले सुटे भाग तोंडात जायचे. तीन वर्षांखालच्या मुलांना चालणार नाही अशा खेळण्याच्या खोक्यावर तशी खूण असते : वर्तुळात बाळाचा चेहरा, ०-३ आणि त्यावर आडवी रेघ. तेव्हा बक्षीस म्हणजे पसंतीची खेळणी, आणि ती मुलाच्या वयाला चालणारी. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तेव्हा बक्षिसाच्या निमित्ताने जुना, चिन्ह नसलेला माल बाहेर काढायचा नाही, हे काकांनी न सांगताच कबूल केलं.

सगळी बेरीज झाली ७,५०० रुपये. तीन हजार, दोन हजार, एक हजार, आणि तीनशेची पाच उत्तेजनार्थ. पंचवीस हजारांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण त्यातला रुपया न् रुपया मुलांच्या हातात पडणार होता.

आता हक्कांची ओळ. ‘सर्व फोटोंचे हक्क आमच्याकडे राहतील’ हे वाक्य इतक्या जाहिरातींत असतं की लोकांना ते शासकीय शिक्क्यासारखं वाटतं. त्याने तसं काही होत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला असेल, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काढून घेणारा. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सही केलेला कागद लागतो. मामाने काढलेला फोटो आईने व्हॉट्सअॅपवर पाठवला, म्हणून तो दुकानाचा होत नाही. आणि काकांना सगळे हक्क हवे तरी कशाला होते? विचारल्यावर कळलं, त्यांना फक्त निकालानंतर जिंकलेले फोटो दुकानात लावायचे होते. मग तेवढंच लिहायचं : ‘विजेत्यांचे फोटो ३१ डिसेंबरपर्यंत दुकानात लावू, त्यासाठी पालकांची लेखी परवानगी घेऊ. इतर कशासाठीही वापरणार नाही.’ कुठे, किती दिवस, कशासाठी, हे सांगितलं की आया बिनधास्त फोटो पाठवतात.

मुलांच्या फोटोबद्दल मला आणखी एक गोष्ट मनापासून वाटते. फोटोखाली पूर्ण नाव, वय, शाळा, गल्ली असं सगळं छापायची आपल्याकडे सवय आहे. कौतुक म्हणूनच केलं जातं, पण अनोळखी माणसाला त्या मुलाला नावाने हाक मारता येईल इतकं सगळं त्यात असतं. आम्ही फक्त पहिलं नाव ठेवलं. शाळेचा गणवेश, बिल्ला, घराची पाटी दिसणारे आणि आंघोळीचे किंवा अपुऱ्या कपड्यांतले फोटो घेणार नाही, हे स्पष्ट लिहिलं. डिजिटल वैयक्तिक माहितीसंबंधीचा २०२३चा कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीलायक संमती मागतो. त्याचे नियम योगायोगाने त्याच वर्षीच्या बालदिनी, १४ नोव्हेंबर २०२५ला जाहीर झाले. त्यांतला बराचसा भाग टप्प्याटप्प्याने लागू होणार असला, तरी संमतीची ओळ आजच टाकायला काय हरकत?

फोटो कसा मागवायचा, इथे मी स्वतः आधी चुकले होते. छपाईचं काम करणाऱ्या माणसाला मोठी फाइल हवी असते. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेल उरतात. आठ इंच लांब छापला तर इंचाला दोनशे पडतात, चांगला दिसतो. अठरा इंच केला तर इंचाला नव्वदही उरत नाहीत, चेहरा पुसट होतो. म्हणून माझा पहिला मसुदा होता, ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलीत मोबाइलने आपोआप नोंदवलेली जागाही असू शकते. लोकेशन चालू असेल तर तो फोटो कुठल्या घरात काढला तेही काकांच्या मोबाइलवर येणार. साध्या पद्धतीने पाठवला की ही नोंद गळून पडते. मग उपाय सरळ होता. सगळ्यांनी साधा फोटो पाठवायचा, परीक्षकांसाठी तेवढा पुरतो. मोठी मूळ फाइल फक्त पहिल्या तिघांकडून मागवायची, लेखी परवानगी घेताना.

शेवटी जे छापलं ते असं :

बालदिन फोटो स्पर्धा
विषय : खेळात रमलेलं मूल

फोटो मोठ्यांनी काढायचा. फोटोत एकच मूल हवं. बक्षीस त्या मुलाचं.
१५ नोव्हेंबर २०१३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी. एका मुलाचा एकच फोटो.
प्रवेश विनामूल्य. खरेदीची अट नाही.
फोटो आई, वडील किंवा कायदेशीर पालकांनीच पाठवावा. सोबत मुलाचं पहिलं नाव, जन्मतारीख आणि ‘मी या मुलाची आई / वडील / पालक आहे, स्पर्धेसाठी माझी संमती आहे’ हे वाक्य लिहावं. फोटो दुसऱ्या कुणी काढला असेल तर त्यांना विचारून पाठवावा.
गणवेश, बिल्ला, घराची पाटी दिसणारे किंवा अपुऱ्या कपड्यांतले फोटो घेतले जाणार नाहीत.
अंतिम मुदत : रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९ वाजेपर्यंत. फोटो मिळाला की क्रमांक कळवू. क्रमांक आला नाही तर दुकानात विचारावं.
गुण : क्षण ५०, उजेड व मांडणी ३०, विषय २०. तीन परीक्षक नाव न पाहता गुण देतील. परीक्षक आणि दुकानातल्या कुणाच्या घरच्या मुलांना भाग घेता येणार नाही.
बक्षिसे : पहिले ३,००० रु., दुसरे २,००० रु., तिसरे १,००० रु., उत्तेजनार्थ पाच, प्रत्येकी ३०० रु. मुलाच्या पसंतीची, वयाला योग्य खेळणी. दुकानातल्या त्या दिवशीच्या विक्रीच्या किमतीने. जास्त किमतीचं घेतल्यास फरक भरावा. कमी झाल्यास आणखी खेळणी मिळतील, रोख मिळणार नाही. ३१ डिसेंबरपर्यंत न्यावीत.
निकाल : शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वाजता, याच जागी लावू.
विजेत्यांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीने ३१ डिसेंबरपर्यंत दुकानात लावू. इतर सर्व फोटो त्या दिवशी पुसून टाकू.

फुगे घातले, पण कोपऱ्यात. ‘अटी लागू’ ही ओळ राहिली नाही, कारण सगळ्या अटी कागदावरच होत्या, त्याही एकाच आकाराच्या अक्षरात.

६४ फोटो आले. बरेचसे दिवाळीच्या किल्ल्यांचे निघाले. पहिला नंबर आलेल्या फोटोत एक मुलगा पालथा पडून, गाल जमिनीला टेकवून, मातीच्या बुरुजाच्या दारातून आत बघतोय. चेहरा अर्धाच दिसतो आणि त्याला कॅमेऱ्याचं भानही नाही. ‘सुंदर फोटो पाठवा’ असं लिहिलं असतं तर तो फोटो त्याच्या आईने कधीच पाठवला नसता, असं तिने मला निकालाच्या दिवशी सांगितलं.

निकालाचा कागद मी मुद्दाम त्याच रंगात, त्याच मापाचा छापला आणि तो जाहिरात लावली होती त्याच काचेवर चिकटवला. स्पर्धेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणं हीदेखील ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा मानली आहे, पण काकांना आता ते सांगावं लागलं नाही. ३१ डिसेंबरला दुकान बंद करायच्या वेळी ते मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. आधी चॅटमधून, मग गॅलरीतून, मग डिलीट केलेले फोटो महिनाभर पडून राहतात त्या फोल्डरमधून, आणि शेवटी बॅकअपमधून असे एकेक करत आम्ही ते सगळे काढले. किल्ल्यावाल्या मुलाच्या आईने मात्र तो फोटो दुकानात पुढेही राहू द्या असं सांगून नवीन कागदावर सही करून दिली होती. तो कागद काकांनी माझ्याकडून लॅमिनेट करून घेतला.